स्वॉटचे चार खाने आणि खान्यांबाहेरचा हिशेब

आपल्या मुलामुलींच्या कॉलेजच्या प्रकल्पात आणि बँकेला द्यायच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हल्ली एक पान हमखास असते. पानावर चार खाने आखलेले असतात आणि वर 'स्वॉट विश्लेषण' असे लिहिलेले असते. बहुतेक कारखानदार ते न वाचताच उलटतात. मीही उलटत असे. माझ्या भाचीच्या प्रकल्पामुळे मला ते पान नीट वाचावे लागले आणि त्यातल्या एका ओळीत मला मीच सापडलो. म्हणून हा लेख.

भाची एम.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. प्रबंधासाठी तिला एका लहान उद्योगाची केस स्टडी, म्हणजे एकाच युनिटचा सखोल अभ्यास करायचा होता. तिने मालेगावातला आपल्या वडिलांचा यंत्रमागाचा कारखाना निवडला. कारखान्यात २४ साधे माग आहेत, दोन पाळ्या चालतात, ८ कारागीर आणि २ कांडी भरणाऱ्या बाया आहेत. काम सगळे मजुरीचे. व्यापारी सूत देतो, कापड नेतो आणि मीटरमागे मजुरी देतो. यातला मुख्य व्यापारी मीच.

त्याच वेळी घरात एक वाद चालू होता. मोठ्या मुलाचे म्हणणे, साधे माग भंगारात द्यावेत आणि बँकेचे कर्ज काढून चार रॅपियर माग घ्यावेत. दुल्हाभाई व्याजाच्या कर्जाला तयार नव्हते. त्यामुळे भाचीच्या प्रबंधाकडे दोघांचे डोळे लागले होते. प्रत्येकाला वाटत होते की प्रबंध आपलीच बाजू खरी ठरवील.

स्वॉट म्हणजे काय

मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस. भाचीने मला चार शब्दांत समजावले, "मामू, कुव्वत, कमजोरी, मौका, खतरा." मराठीत बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके. इंग्रजीतल्या या चार शब्दांची पहिली अक्षरे जोडून स्वॉट हा शब्द झाला. तो नेमका कोणी घडवला याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पण यामागची विचारपद्धती १९६० नंतरच्या काळात अमेरिकेतल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकवली जात होती, आणि लर्नेड, क्रिस्टेन्सन, अँड्र्यूज व गुथ या चार प्राध्यापकांच्या १९६५ सालच्या पाठ्यपुस्तकातून ती पसरली. त्या पुस्तकाचे नाव आपण पुढे पुन्हा घेणार आहोत.

प्रबंधात या भागाची जागा ठरलेली असते. आधी युनिटची हकीकत येते, मग माहिती कशी गोळा केली ते, मग प्रत्यक्ष आकडे. त्यानंतर स्वॉट, आणि स्वॉटनंतर पर्याय व शिफारस. म्हणजे स्वॉट हे आकडे आणि निर्णय यांच्यामधले दार आहे. जी गोष्ट आकड्यांच्या भागात आलेली नाही ती स्वॉटमध्ये अचानक येता कामा नये, आणि स्वॉटमधली जी ओळ पुढे शिफारसीत वापरली जात नाही तिचा तिथे उपयोग नाही.

पहिला मसुदा परत आला

भाचीचा पहिला मसुदा असा होता. बलस्थाने: चाळीस वर्षांचा अनुभव, कुशल कारागीर, चांगले उत्पादन. उणिवा: जुने माग, भांडवलाची कमतरता, मालक कर्ज घेण्यास तयार नाहीत. संधी: निर्यात, सरकारी अनुदान. धोके: स्पर्धा, सुताचे चढउतार.

तिच्या सरांनी लाल पेनाने एकच वाक्य लिहिले: हे पान कोणत्याही यंत्रमाग कारखान्याला लागू पडेल, मग तुमचा कारखाना यात कुठे आहे?

आक्षेप खरा होता. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, कुठेही जा, हीच दहा वाक्ये मिळतील. मग सरांनी तिला प्रत्येक ओळीसाठी चार गोष्टी लिहायला सांगितल्या. विधान काय आहे, पुरावा कोणता आहे, तुलना कोणाशी आहे, आणि त्याचा निर्णयावर परिणाम काय. यातले एकही उत्तर नसेल तर ओळ काढून टाकायची.

एका ओळीचा हिशेब

'चांगले उत्पादन' ही ओळ घेऊ. भाची वही घेऊन कारखान्यात बसली. माग मिनिटाला १५० बाने टाकत होता. कापड इंचाला ५२ बाण्यांचे. म्हणजे माग एकदाही न थांबता १२ तास चालला तर सुमारे ५२.७५ मीटर कापड निघायला हवे. कोणताही माग न थांबता चालत नाही. धागा तुटतो, कांडी बदलावी लागते, वीज जाते. म्हणून प्रत्यक्ष मीटर भागिले शक्य मीटर, हे त्या मागाचे खरे माप.

उत्पादनाच्या वहीत दिवसपाळीची सरासरी मागामागे ३७ मीटर निघाली आणि रात्रपाळीची ३१ मीटर. म्हणजे दिवसा ७० टक्के, रात्री ५९ टक्के. माग तेच, सूत तेच, कापड तेच. 'चांगले उत्पादन' दिवसा बलस्थान होते आणि रात्री उणीव. एकाच ओळीचे दोन तुकडे झाले.

आता कारण शोधायचे होते. घरात सर्वांना वाटत होते की रात्री कारागीर झोपतात. भाचीने सहा मागांजवळ एक वही टांगली. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ माग थांबला तर कधी थांबला, कधी सुरू झाला आणि का, एवढेच लिहायचे. बारा रात्री हे चालले. सहा माग आणि बारा रात्री मिळून ७२ नोंदी-रात्री झाल्या. त्यात एकाच कारणाने ७८ तास गेले होते: बाण्याची कांडी नाही. मागामागे रात्री एक तासाहून थोडे अधिक. दिवस आणि रात्र यांतला बहुतेक फरक यातच निघाला. फजरच्या आधीचे दोन-तीन तास माग उभे राहत होते आणि कारागीर खरोखरच झोपत होते, कारण विणायला काही नव्हते.

कांडी का नव्हती? कांडी भरणाऱ्या बाया दिवसाच येतात, आणि दिवसभरात त्या जेवढे सूत आलेले असेल तेवढेच भरतात. सूत तुकड्यातुकड्याने येत होते, कारण माझ्या गोदामातून ते तुकड्यातुकड्याने जात होते. माझी रक्कम अडकू नये म्हणून मी दोन-दोन दिवसांचा माल पाठवत होतो. मला वाटत होते की मी हुशारी करतो आहे.

आतले की बाहेरचे, आणि कोणाचे?

येथे स्वॉटचा सर्वांत महत्त्वाचा नियम येतो. बलस्थान आणि उणीव कारखान्याच्या आतले असते, म्हणजे मालक ज्यावर हात ठेवून बदल करू शकतो ते. संधी आणि धोका बाहेरून येतात. मालक त्यांच्यासाठी तयारी करू शकतो, त्यांना थांबवू शकत नाही. कांडी भरायची माणसे फक्त दिवसा असणे आणि जादा रिकाम्या कांड्या नसणे ही आतली उणीव. एकाच व्यापाऱ्यावर अवलंबून असणे हीही आतलीच, कारण गिऱ्हाईक कोण ते मालक ठरवतो. पण तो व्यापारी सूत उशिरा देतो आणि मजुरी ७५ दिवसांनी देतो, हा बाहेरचा धोका. ही ओळ भाचीने लिहिली तेव्हा मान खाली घालून मला म्हणाली, "मामू, नाव नाही घातले." नाव घालायची गरज नव्हती.

दुसरा प्रश्न, हे पान कोणाचे? सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत युनिटचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून आयकरातही अशी तरतूद आली की ही मुदत चुकवली तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. दुल्हाभाईंच्या पानावर ही संधी आहे, माझ्या पानावर धोका. शिवाय दुल्हाभाईंनाही ती निव्वळ संधी नाही. काही व्यापारी नोंदणी नसलेल्या मागवाल्याकडे काम वळवू शकतात, म्हणजे त्याच बातमीच्या पोटात धोकाही आहे. म्हणून प्रबंधात पानाच्या वरच लिहावे लागते की हे विश्लेषण कोणाच्या बाजूने आणि कोणत्या तारखेचे आहे.

तारखेचे महत्त्व 'सरकारी अनुदान' या ओळीने दाखवले. माग बदलण्यासाठी केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना १९९९ साली सुरू झाली होती. भाचीने एका जुन्या प्रबंधातून ती संधी म्हणून उतरवली. तपासले तर तिचे सुधारित रूप ३१ मार्च २०२२ रोजी संपले होते. मोठ्या मुलाच्या रॅपियरच्या हिशेबातही हेच अनुदान धरलेले होते. एक ओळ खोडली आणि त्याच्या हिशेबाचा एक खांब गेला.

शेवटी पान कसे झाले

दहा ओळींच्या आठ झाल्या, पण प्रत्येकीच्या मागे वहीचे पान होते.

बलस्थाने: दिवसपाळीत ७० टक्के उत्पादन, आठपैकी सहा कारागीर दहा वर्षांहून जुने, त्यामुळे कापडात खोट कमी.

उणिवा: रात्री कांड्यांचा तुटवडा, तीन चतुर्थांश काम एकाच व्यापाऱ्याचे.

संधी: ४५ दिवसांच्या तरतुदीच्या आधारे लेखी करार मागता येणे, ५२ बाण्यांच्या या कापडाला दुसऱ्या दोन व्यापाऱ्यांची विचारणा.

धोके: सुताचा अनियमित पुरवठा आणि ७५ दिवसांची उधारी, यंत्रमागाची वीजदर सवलत सरकारच्या निर्णयावर अवलंबून असणे.

येथे बहुतेक विद्यार्थी थांबतात. खरे काम इथून सुरू होते. हाइन्झ वाइरिख या प्राध्यापकांनी १९८२ मध्ये दाखवले की खाने एकमेकांशी जोडले पाहिजेत. बलस्थान वापरून संधी कशी घ्यायची, संधीच्या आधाराने उणीव कशी भरायची, बलस्थानाने धोका कसा अडवायचा, आणि उणीव व धोका एकत्र आले तर बचाव काय. आम्ही विणकर लोक याला ताणाबाणा म्हणू. नुसता ताणा बीमवर गुंडाळून ठेवला तर कापड होत नाही.

जोडणी केली तेव्हा रॅपियरचा प्रश्न वेगळाच दिसू लागला. रॅपियर मागाला कांडी लागत नाही, तो बाना थेट कोनावरून घेतो. म्हणून मोठा मुलगा म्हणाला, मग रॅपियरने कांडीचा प्रश्न सुटतोच. पण कोनही माझ्याच गोदामातून येणार होते आणि जलद माग ते अधिक लवकर संपवणार होते. म्हणजे कर्जाचा हप्ता चालू आणि माग उभा. उणीव मागात नव्हती, सुताच्या पुरवठ्यात होती.

याउलट लेखी करारात एक आठवड्याचे सूत एकदम देण्याची अट घातली, काही रिकाम्या कांड्या घेतल्या आणि एका बाईची वेळ संध्याकाळपर्यंत वाढवली, तर रात्री मागामागे साडेचार मीटर वाढू शकतात. २४ माग आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर २,८०८ मीटर. मीटरला ५ रुपये २० पैसे मजुरीने दरमहा सुमारे १४,६०० रुपये. यातून कारागिरांची वाढीव मजुरी, वीज आणि त्या बाईचा जादा पगार जाईल. रक्कम मोठी नाही, पण तिच्यासाठी कर्ज लागत नाही.

स्वॉटला काय दिसत नाही

चांगल्या प्रबंधात या भागाच्या शेवटी त्याच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. ब्रिटनमध्ये टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रुक यांनी १९९७ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. १९९३-९४ मध्ये वीसहून अधिक कंपन्यांत केलेली स्वॉट विश्लेषणे त्यांनी तपासली होती. सरासरी चाळीसहून अधिक मुद्दे, ढोबळ वाक्ये, कोणता मुद्दा मोठा ते ठरवलेले नाही, एकही मुद्दा पडताळलेला नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे नंतरच्या नियोजनात ती यादी कोणीच वापरली नाही. भाचीचा पहिला मसुदा याच जातीचा होता.

दुसरी मर्यादा वजनाची. खान्यात प्रत्येक ओळ सारखीच दिसते. वीजदराची ओळ आणि कांडीची ओळ शेजारीशेजारी बसतात, पण एक उद्या महिन्याचा सगळा नफा घेऊ शकते आणि दुसरी काही हजारांची आहे. म्हणून ओळीशेजारी शक्य तिथे रुपये लिहावेत, आणि जिथे लिहिता येत नाहीत तिथे तसे सांगावे. बारा रात्रींची वही म्हणजे वर्षाची वही नव्हे, हेही सांगावे. लग्नसराईत किंवा रमजानमध्ये आकडे वेगळे येतील.

तिसरी मर्यादा लिहिणाऱ्याची. भाचीने स्वच्छ लिहिले: संशोधक मालकाची मुलगी आहे, कारागिरांनी तिच्यासमोर सगळे सांगितले असेलच असे नाही, आणि मुख्य व्यापारी तिचा मामा आहे. सर म्हणाले, संबंध असणे हा दोष नाही, लपवणे हा दोष आहे.

चौथी मर्यादा मला सर्वांत मोठी वाटते. 'मालक कर्ज घेण्यास तयार नाहीत' ही ओळ पहिल्या मसुद्यात उणिवांत होती. दुल्हाभाईंनी ती वाचली आणि गप्प राहिले. नंतर म्हणाले, "बेटा, व्याज न घेणे ही माझी कमजोरी आहे का?" भाचीकडे उत्तर नव्हते. तिने ते सरांना विचारले, आणि सरांनी तिला मूळ मंडळींकडे पाठवले.

१९६५ च्या पुस्तकाच्या चार लेखकांपैकी केनेथ अँड्र्यूज यांनी १९७१ मध्ये हा विचार स्वतंत्र पुस्तकात मांडला. त्यांच्या मते धंद्याची दिशा चार प्रश्नांनी ठरते. बाजारात काय करता येईल, आपल्याला काय करता येते, चालवणाऱ्याला आपल्या मूल्यांप्रमाणे काय करायचे आहे, आणि समाजाचे आपल्यावर काय देणे आहे. पहिल्या दोन प्रश्नांत स्वॉटचे चारही खाने येतात. उरलेले दोन प्रश्न खाने आखताना बाहेर राहिले, कारण ते चौकोनात बसत नाहीत.

भाचीने मग ती ओळ उणिवांतून काढली आणि स्वॉटच्या आधी 'निर्णय घेणाऱ्याची मूल्ये' असा वेगळा परिच्छेद लिहिला. त्यात व्याज टाळणे ही ठरलेली हद्द म्हणून नोंदवली, जिच्या आत राहून पर्याय शोधायचे आहेत. तिची किंमतही लिहिली: यामुळे माग बदलणे काही वर्षे लांबेल किंवा भागीदार शोधावा लागेल. आणि चौथ्या प्रश्नाखाली आठ कारागीर व दोन बायांची नोंद केली. माग भंगारात गेले असते तर त्यांचे काय, हे चार खान्यांपैकी एकाही खान्याने विचारले नव्हते.

प्रबंध जमा झाला. रॅपियरचा विषय घरात संपलेला नाही. मोठ्या मुलाचे म्हणणे की साधा माग फार वर्षे टिकणार नाही, आणि त्यात तथ्य आहे. स्वॉटने एवढेच दाखवले की आजचा तोटा कुठे आहे. पुढचा निर्णय त्या पानाने केला नाही आणि करूही शकत नव्हते.

मी मात्र माझ्या बाजूचा हिशेब केला. सूत आता आठवड्याचे एकदम जाते आणि मजुरीचा लेखी करार ४५ दिवसांचा झाला आहे. मजुरी वेळेवर देण्याबद्दल दीनची शिकवण काय आहे ते मला ७५ दिवस ठाऊकच होते. ते वहीत लिहिलेले पाहिल्यावर मग टाळता आले नाही.

आपल्या कारखान्यात एखादा विद्यार्थी प्रकल्पासाठी आला तर त्याला चहा पाजून 'सगळे ठीक आहे' म्हणून परत पाठवू नका. उत्पादनाची वही आणि मजुरीची वही त्याच्यापुढे ठेवा, आणि प्रबंध पूर्ण झाल्यावर त्याची एक प्रत मागून घ्या. चार खान्यांतल्या ओळी वाचताना प्रत्येकीला विचारा: कशावरून, कोणाशी तुलना करून, आणि आजच्या तारखेला खरे आहे का? उत्तर मिळाले नाही तर ती ओळ खोडा, मग ती स्तुतीची असली तरी.